तिसऱ्या वर्षी विकलेला माग
घटत्या शिलकेच्या पद्धतीत घसाऱ्याची नोंद तीच राहते, रक्कम मात्र दरवर्षी मागचा हिशेब मागते

अकरावीच्या पुस्तपालनात घसाऱ्याचा धडा आला की पहिले दोन दिवस वर्ग खुशीत असतो. नोंद एकच आणि ती पाठ करायला सोपी: घसारा खाते नावे, यंत्र खात्याला. घसारा म्हणजे वापरामुळे आणि काळामुळे मालमत्तेच्या किमतीत होणारी घट. घट हा धंद्याचा खर्च, म्हणून घसारा खाते नावे. यंत्राची किंमत तेवढीच उतरली, म्हणून यंत्र खाते जमा. वर्षाअखेर घसारा खाते नफातोटा खात्यात बंद केले की काम संपले.

मग सरावासाठी पाच-सहा वाक्यांचे उदाहरण येते. पहिल्या वर्षी काही यंत्रे घेतली, दुसऱ्या वर्षी मध्येच आणखी एक घेतले, तिसऱ्या वर्षी पहिल्यांपैकी एक विकले. घसारा घटत्या शिलकेच्या पद्धतीने, म्हणजे शिकवणीवर्गात ज्याला डब्ल्यूडीव्ही म्हणतात त्या पद्धतीने, दरसाल १० टक्के. तिसऱ्या वर्षाच्या रोजकीर्दीतील नोंदी द्या. इथे मुले अडतात. नोंदी तर सगळ्यांना येतात, अडचण असते ती नोंदीपुढे लिहायच्या रकमेची. म्हणून असे एकच उदाहरण सावकाश सोडवून पाहू. यंत्राऐवजी माग घेतले की हिशेब डोळ्यांसमोर राहतो.

उदाहरण

इचलकरंजीतील एका कारखानदाराने १ एप्रिल २०२१ रोजी चार यंत्रमाग घेतले. किंमत १,९०,००० रुपये, शिवाय ते आणून शेडमध्ये बसवायला १०,००० रुपये लागले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी त्याने आणखी एक माग सर्व खर्चासह १,००,००० रुपयांना घेतला. ३० सप्टेंबर २०२३ रोजी पहिल्या चारांपैकी एक माग ३५,००० रुपयांना विकला आणि पैसे धनादेशाने मिळाले. वर्ष ३१ मार्चला संपते आणि घसारा घटत्या शिलकेवर दरसाल १० टक्के आहे. २०२३-२४ या वर्षाच्या नोंदी द्यायच्या आहेत. सोयीसाठी चारही माग सारख्या किमतीचे धरू आणि माग विकण्याच्या व्यवहारावरचा कर बाजूला ठेवू.

पहिला सापळा त्या दहा हजारांत आहे. वाहतूक आणि मजुरी एरवी खर्चात जातात, म्हणून अनेकांचा हात तिकडेच वळतो. पण यंत्र कामाला लागेपर्यंत जो खर्च होतो तो यंत्राच्याच किमतीत मिळवायचा असतो. त्यामुळे चार मागांची किंमत २,००,००० आणि एका मागाची ५०,०००. ही सुरुवात चुकली तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो, कारण या पद्धतीत दरवर्षीचा आकडा आदल्या वर्षीच्या आकड्यातून निघतो.

पद्धत अशी का?

स्थिर हप्त्याच्या पद्धतीत घसारा मूळ किमतीवर काढतात. ५०,००० रुपयांच्या मागावर १० टक्क्यांनी दरवर्षी ५,००० रुपये घसारा पडतो आणि मोडीची किंमत धरली नाही तर दहा वर्षांत माग पुस्तकातून संपतो. घटत्या शिलकेच्या पद्धतीत दर तोच असला तरी तो उरलेल्या किमतीवर लागतो. पहिल्या वर्षी ५०,००० वर ५,०००, दुसऱ्या वर्षी ४५,००० वर ४,५००, तिसऱ्या वर्षी ४०,५०० वर ४,०५०. घसारा उतरत जातो, पण संपत नाही. दहा वर्षांनीही त्या मागाची पुस्तकी किंमत साधारण १७,४३४ रुपये असते आणि वीस वर्षांनी सहा हजारांच्या आसपास. शून्य कधीच होत नाही, कारण दरवेळी उरलेल्यातले नव्वद टक्के मागे राहतातच.

यामागचा विचार मागाकडे पाहिले की कळतो. नव्या दुचाकीची किंमत शोरूमबाहेर पडल्यावर पहिल्या वर्षी जितकी उतरते तितकी सहाव्या वर्षी उतरत नाही. मागाचेही तसेच. शिवाय जुन्या मागाला दुरुस्ती जास्त लागते. सुरुवातीला घसारा जास्त आणि दुरुस्ती कमी, नंतर घसारा कमी आणि दुरुस्ती जास्त. दोन्हींची बेरीज केली तर मागाचा एकूण भार वर्षावर्षांत बराचसा सारखा वाटला जातो.

याच विचारातून आणखी एक नियम येतो. स्थिर हप्त्यात मोडीची किंमत मूळ किमतीतून आधी वजा करतात, मग उरलेली रक्कम वर्षांत वाटतात. घटत्या शिलकेच्या पद्धतीत दर दिला असेल तर मोड वजा करत नाहीत. दर पूर्ण शिल्लक किमतीवरच लावायचा. परीक्षेत कधी कधी मोडीची किंमत मुद्दाम दिलेली असते. ती वाचून पुढे जायचे.

तिसऱ्या वर्षाआधीची दोन वर्षे

प्रश्न तिसऱ्या वर्षाच्या नोंदी मागतो, पण तिसऱ्या वर्षाची पहिली रक्कमही आधीची दोन वर्षे सोडवल्याशिवाय मिळत नाही. ती वर्षे रोजकीर्दीत लिहायची नसतात. ती खालच्या टिपणात, ज्याला सगळे वर्किंग नोट म्हणतात, त्यात मांडायची. हे टिपण उत्तराचाच भाग आहे. रक्कम चुकली तरी ती कुठून आली हे त्यातूनच तपासणाऱ्याला कळते.

हे टिपण मागाच्या गटांप्रमाणे करायचे. बहुतेकांची गाडी इथेच घसरते. सगळे माग एका खात्यात आहेत म्हणून ते एकत्रच मोजत जातात आणि विक्रीचे वर्ष आले की विकलेल्या मागाची किंमत त्या एकत्र आकड्यातून बाहेर काढता येत नाही. म्हणून पहिल्या ओळीपासूनच तीन गट करायचे: जो पुढे विकला तो एक माग, राहिलेले तीन माग आणि नंतर घेतलेला माग. प्रश्न लिहायला घेण्याआधी शेवटपर्यंत वाचायचा असतो तो याचसाठी.

विकलेला माग: किंमत ५०,०००. २०२१-२२ चा घसारा ५,०००, उरले ४५,०००. २०२२-२३ चा घसारा ४,५००, उरले ४०,५००.

राहिलेले तीन माग: किंमत १,५०,०००. पहिल्या वर्षी १५,०००, उरले १,३५,०००. दुसऱ्या वर्षी १३,५००, उरले १,२१,५००.

नवा माग: १ ऑक्टोबर २०२२ ला आला. ३१ मार्चपर्यंत सहा महिने. दर दरसाल आहे, म्हणून १,००,००० वर वर्षाचे १०,००० आणि त्यातले निम्मे, ५,०००. उरले ९५,०००.

आता तिन्ही गटांची बेरीज करा: ४०,५०० अधिक १,२१,५०० अधिक ९५,०००, म्हणजे २,५७,०००. यंत्र खात्याची १ एप्रिल २०२३ ची आरंभीची शिल्लक हीच असली पाहिजे. खात्यावरून पडताळून पाहा. पहिल्या वर्षी २,००,००० मधून २०,००० गेले, उरले १,८०,०००. दुसऱ्या वर्षी १,००,००० आले आणि १८,००० अधिक ५,०००, म्हणजे २३,००० घसाऱ्याचे गेले. २,५७,००० च उरतात. दोन वाटांनी एकच आकडा आला, म्हणजे पुढे जायला हरकत नाही.

नव्या मागाच्या सहा महिन्यांत दुसरा एक सापळा आहे. दुसऱ्या वर्षी निम्मा घसारा घेतला म्हणून तिसऱ्या वर्षीही निम्माच घेणारी मुले असतात. तिसरे वर्ष पूर्ण आहे आणि माग पूर्ण वर्ष वापरात आहे. त्यामुळे ९५,००० वर पूर्ण १० टक्के, म्हणजे ९,५००. महिने मोजायचे ते खरेदीच्या किंवा विक्रीच्या वर्षातच. दरापुढे 'दरसाल' असे लिहिलेले असेल तर महिने मोजायलाच हवेत. वर्षात केव्हाही घेतले तरी पूर्ण वर्षाचा घसारा घ्या, असे प्रश्नातच स्पष्ट सांगितले असेल तर मात्र त्याप्रमाणे चालायचे.

विक्रीच्या दिवशीच्या तीन नोंदी

३० सप्टेंबर २०२३ रोजी काय झाले ते क्रमाने पाहू. माग विकला तो दिवस वर्षाच्या मधला आहे. १ एप्रिलपासून त्या दिवसापर्यंत सहा महिने माग चालला. त्या सहा महिन्यांत तो झिजला आणि त्या झिजेचा खर्च या वर्षाच्या कापडावर पडायला हवा. म्हणून सगळ्यांत आधी घसारा. ४०,५०० वर दरसाल १० टक्क्यांनी वर्षाचे ४,०५०, सहा महिन्यांचे २,०२५. विक्रीच्या दिवशी मागाची पुस्तकी किंमत ४०,५०० वजा २,०२५, म्हणजे ३८,४७५. माग विकला ३५,००० ला. तोटा ३,४७५.

हा आकडा पटकन तपासायची एक सोय आहे. पूर्ण वर्षाचा घसारा गेला की नव्वद टक्के उरतात, अर्ध्या वर्षाचा गेला की पंचाण्णव टक्के. म्हणून ५०,००० चे ९० टक्के, त्याचे ९० टक्के, त्याचे ९५ टक्के. उत्तर ३८,४७५. गणनयंत्र नसले तरी अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

आता रोजकीर्द. त्या दिवशीच्या तीन नोंदी अशा:

२०२३ सप्टें. ३०
घसारा खाते ........ नावे २,०२५
  यंत्र खात्याला २,०२५
(विकलेल्या मागावर १ एप्रिल ते ३० सप्टेंबर या काळाचा घसारा आकारल्याबद्दल.)

सप्टें. ३०
बँक खाते ........ नावे ३५,०००
  यंत्र खात्याला ३५,०००
(एक माग विकून धनादेश मिळाल्याबद्दल.)

सप्टें. ३०
यंत्र विक्रीवरील तोटा खाते ........ नावे ३,४७५
  यंत्र खात्याला ३,४७५
(माग विक्रीत झालेला तोटा नोंदवल्याबद्दल.)

तिन्ही नोंदींत यंत्र खाते जमा झाले आहे. तिन्ही रकमांची बेरीज करा: २,०२५ अधिक ३५,००० अधिक ३,४७५, म्हणजे ४०,५००. वर्षाच्या सुरुवातीला त्या मागाची जेवढी किंमत यंत्र खात्यात होती, नेमकी तेवढी बाहेर पडली. माग शेडमधून गेला आणि पुस्तकातूनही पूर्ण गेला. तिसरी नोंद कशासाठी, असे मुले विचारतात. उत्तर याच बेरजेत आहे. ती नोंद नसती तर शेडमध्ये नसलेल्या मागाचे ३,४७५ रुपये यंत्र खात्यात पडून राहिले असते आणि त्यावर दरवर्षी घसाराही निघत राहिला असता.

समजा तोच माग ४२,००० ला गेला असता. मग पुस्तकी किमतीपेक्षा ३,५२५ जास्त मिळाले असते. बँकेच्या नोंदीने यंत्र खाते ४२,००० ने जमा झाले असते, म्हणजे हवे त्यापेक्षा ३,५२५ ने जास्त. ती जास्तीची जमा परत फिरवण्यासाठी यंत्र खाते नावे करायचे आणि 'यंत्र विक्रीवरील नफा' खाते जमा. तोट्यात यंत्र खाते जमा, नफ्यात नावे. हे पाठ करण्यापेक्षा यंत्र खात्यात किती पडायला हवे होते आणि किती पडले एवढे पाहिले की बाजू आपोआप ठरते.

काही जण दुसरी आणि तिसरी नोंद एकत्र लिहितात: बँक खाते ३५,००० नावे, तोटा खाते ३,४७५ नावे, यंत्र खात्याला ३८,४७५. तेही बरोबर आहे. ३८,४७५ ही पुस्तकी किंमत तिथे एका आकड्यात दिसते, हा तिचा फायदा.

मार्चअखेरच्या नोंदी

३१ मार्च २०२४ ला उरलेल्या चार मागांवर वर्षाचा घसारा. तीन जुन्या मागांवर १,२१,५०० चे १२,१५० आणि नव्या मागावर ९५,००० चे ९,५००. दोन्ही मिळून २१,६५०.

२०२४ मार्च ३१
घसारा खाते ........ नावे २१,६५०
  यंत्र खात्याला २१,६५०
(शिल्लक मागांवर वर्षाचा घसारा आकारल्याबद्दल.)

मार्च ३१
नफातोटा खाते ........ नावे २७,१५०
  घसारा खात्याला २३,६७५
  यंत्र विक्रीवरील तोटा खात्याला ३,४७५
(घसारा आणि तोटा नफातोटा खात्यात वर्ग केल्याबद्दल.)

घसारा खात्याचे २३,६७५ म्हणजे सप्टेंबरचे २,०२५ आणि मार्चचे २१,६५०. शेवटच्या नोंदीत घसाऱ्यापुढे फक्त २१,६५० लिहून सप्टेंबरची रक्कम विसरणारे बरेच असतात. मग घसारा खाते बंदच होत नाही. त्यात २,०२५ उरतात, आणि खर्चाचे खाते वर्षाअखेर उघडे राहता कामा नये.

यंत्र खात्याची ३१ मार्च २०२४ ची शिल्लक काढू. २,५७,००० मधून सप्टेंबरचे ४०,५०० गेले, मार्चचे २१,६५० गेले. उरले १,९४,८५०. ही रक्कम पुढच्या वर्षी नेली जाते आणि ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला दिसते.

इथे एक लक्षात ठेवायला हवे. वरची पद्धत ही घसारा थेट यंत्र खात्यातून वजा करण्याची. प्रश्नात 'घसारा तरतूद खाते' ठेवले आहे असे म्हटले असेल तर यंत्र खाते मूळ किमतीवरच राहते आणि दरवर्षीचा घसारा तरतूद खात्यात साठत जातो. तिथे माग विकताना त्याची मूळ किंमत यंत्र खात्यातून आणि साठलेला घसारा तरतूद खात्यातून बाहेर काढावा लागतो. रकमा त्याच राहतात, खाती बदलतात.

तोटा खरा की घसारा कमी पडला?

विकलेल्या मागाचा तीन वर्षांचा हिशेब एका ओळीत मांडून पाहा. घसारा ५,०००, मग ४,५००, मग २,०२५, आणि शेवटी तोटा ३,४७५. बेरीज १५,०००. माग ५०,००० ला आला आणि ३५,००० ला गेला, फरक १५,०००.

आता हेच स्थिर हप्त्याने करू. ५,०००, ५,०००, सहा महिन्यांचे २,५००. पुस्तकी किंमत ३७,५००, तोटा २,५००. बेरीज पुन्हा १५,०००. पद्धत कोणतीही असो, माग घेण्यात आणि विकण्यात गेलेले पंधरा हजार गेलेच. पद्धत फक्त एवढेच ठरवते की त्यातले किती कोणत्या वर्षाच्या माथी मारायचे आणि त्यातल्या कितीला घसारा म्हणायचे, कितीला तोटा.

म्हणून विक्रीवरचा तोटा पाहून कारखानदाराने माग स्वस्तात घालवला असा निष्कर्ष लगेच काढता येत नाही. बाजारभाव ज्या वेगाने उतरला त्यापेक्षा पुस्तकातला घसारा कमी वेगाने धरला गेला, एवढेही त्यातून निघू शकते. दर १५ टक्के असता तर विक्रीच्या दिवशीची पुस्तकी किंमत साधारण ३३,४१६ झाली असती आणि त्याच ३५,००० च्या विक्रीत दीड हजारांवर नफा दिसला असता. माग तोच, गिऱ्हाईक तेच, पैसेही तेच.

आयकराचा हिशेब वेगळा

घरात धंदा असलेल्या मुलांचा इथे हमखास गोंधळ होतो, कारण वडिलांच्या कर सल्लागाराचा कागद आणि शाळेचे उत्तर जुळत नाही. आयकर कायद्यातही घसारा घटत्या शिलकेनेच काढतात, पण एकेका यंत्राचा नाही, तर एकाच दराच्या सगळ्या यंत्रांच्या गटाचा. सर्वसाधारण यंत्रांसाठी हा दर १५ टक्के आहे. तिथे महिने मोजत नाहीत. यंत्र त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरले तर निम्मा दर, नाहीतर पूर्ण दर. आपला नवा माग १ ऑक्टोबर २०२२ लाच चालू झाला असेल तर ३१ मार्चपर्यंत १८२ दिवस भरतात. म्हणून शाळेच्या उत्तरात त्याला अर्ध्या वर्षाचा घसारा आणि आयकरात पूर्ण वर्षाचा. मोठ्या यंत्राची खरेदी ऑक्टोबरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांपलीकडे जाऊ नये म्हणून सल्लागार घाई करतात ती याच हिशेबाने.

आणि विक्री? गटात इतर यंत्रे शिल्लक असतील तर आयकरात ३५,००० रुपये सरळ गटाच्या किमतीतून वजा होतात. सहा महिन्यांचा घसारा नाही, ३,४७५ चा तोटाही नाही. विकलेल्या मागाची उरलेली किंमत गटातच विरघळते आणि पुढच्या वर्षांत घसाऱ्याच्या रूपाने हळूहळू वसूल होते. यंत्र खात्यात पडून राहिलेली जी रक्कम शाळेच्या उत्तरात चूक ठरते, ती आयकरात रीतसर आहे. म्हणून पेपर पुस्तपालनाचा असेल तर आयकराचा नियम डोक्यात ठेवायचा नाही.

चूक कुठे झाली हे कसे ओळखायचे

शेवटची शिल्लक दोन वाटांनी काढायची: एकदा यंत्र खात्यावरून, एकदा उरलेल्या मागांच्या टिपणावरून. टिपणानुसार तीन जुन्या मागांची किंमत १,२१,५०० वजा १२,१५०, म्हणजे १,०९,३५०. नव्या मागाची ९५,००० वजा ९,५००, म्हणजे ८५,५००. बेरीज १,९४,८५०. खात्यातही हेच हवे. जुळले नाही तर पुन्हा पहिल्यापासून सोडवायच्या आधी फरकाकडे नीट पाहायचे, कारण बहुतेक वेळा फरकच चुकीचा पत्ता देतो.

खात्यात ३,४७५ जास्त असतील तर तोट्याची नोंद खतावणीत आलेली नाही. ६,९५० जास्त असतील, म्हणजे तोट्याच्या दुप्पट, तर नोंद आली आहे पण उलट्या बाजूला. ५०० जास्त असतील तर विकलेल्या मागाच्या टिपणात दुसऱ्या वर्षी घसारा ४५,००० ऐवजी मूळ ५०,००० वर काढला गेला आणि तिसऱ्या वर्षीही तसाच. म्हणजे त्या एका मागापुरती पद्धत नकळत स्थिर हप्त्याची झाली. मार्चचा घसारा २१,६५० न येता २२,२०० आला असेल तर तो मागांवर काढलेलाच नाही. २,५७,००० मधून विक्रीचे ३५,००० वजा करून जे २,२२,००० उरले त्यावर सरसकट दर लावला आहे, आणि विकलेल्या मागाच्या उरलेल्या ५,५०० वरही घसारा घेतला गेला आहे.

एक चूक मात्र या पडताळणीतून निसटते, आणि ती सर्वांत जास्त होणारी आहे. सप्टेंबरचा घसारा विसरला तर मुलगा ४०,५०० मधून सरळ ३५,००० वजा करतो आणि तोटा ५,५०० लिहितो. यंत्र खात्यातून ४०,५०० च बाहेर पडतात. शिल्लक १,९४,८५० च येते. नफातोटा खात्याला जाणारी एकूण रक्कमही २७,१५० च राहते, कारण २,०२५ आणि ३,४७५ मिळून ५,५०० च होतात. नफा बरोबर, ताळेबंद बरोबर, सगळ्या बेरजा जुळलेल्या. तरीही एक नोंद गायब, दोन नोंदींतल्या रकमा चुकलेल्या आणि त्यांचे गुण गेलेले. घसारा खात्यात सप्टेंबरची एक आणि मार्चची एक अशा दोन तारखा आहेत की नाहीत, हे डोळ्यांनी पाहणे एवढाच त्यावर इलाज आहे. वर्षाच्या मध्ये काही विकले असेल आणि घसारा खात्यात मार्चची एकच तारीख दिसत असेल, तर बेरीज जुळली तरी उत्तर अपुरे आहे.